सीएनसी विभागाची स्किल मॅट्रिक्स : प्रत्येक पातळीवरचे चांगले काम शब्दांत कसे मांडावे

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेलात, तर यंत्रांजवळच्या फलकावर एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे कामगारांची नावे असतात, वरच्या ओळीत कामे असतात आणि प्रत्येक चौकटीत चार भागांत विभागलेले एक वर्तुळ असते. वर्तुळाचा पाव भाग भरलेला असेल तर माणूस काम शिकत आहे, अर्धा भरलेला असेल तर देखरेखीखाली करतो, पाऊण असेल तर स्वतंत्रपणे करतो आणि पूर्ण असेल तर इतरांना शिकवू शकतो, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. यालाच कारखान्यात स्किल मॅट्रिक्स म्हणतात.

मी ज्या कारखान्यात प्रथम पर्यवेक्षक झालो, तिथला तक्ता ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरला गेला होता. तो भरताना मी स्वतः हजर होतो. एकेक नाव वाचले जाई, कोणी तरी म्हणे की हा पाच वर्षांपासून आहे, आणि वर्तुळ पाऊण भरले जाई. त्यानंतर तीन महिन्यांनी, तक्त्यानुसार ‘स्वतंत्र’ असलेल्या एका ऑपरेटरने रात्रपाळीत एक संपूर्ण पेटी मोठ्या व्यासाची काढली. चौकशीत दिसले की त्याला यंत्र उत्तम चालवता येत होते, पण माप सरकू लागल्यावर काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. तक्त्यातल्या ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ त्याच्यासाठी एक होता, आमच्यासाठी दुसरा होता आणि कागदावर तो कुठेच लिहिलेला नव्हता. चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती, असे मला आजही वाटते.

म्हणून नव्याने मॅट्रिक्स करणाऱ्याने सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की ही दोन कागदांची गोष्ट आहे. पहिला कागद व्याख्यांचा: प्रत्येक कौशल्यात प्रत्येक पातळीवर चांगले काम म्हणजे नेमके काय, हे तो सांगतो. दुसरा कागद माणसांचा: कोण आज कोणत्या पातळीवर आहे, हे तो दाखवतो. भिंतीवर लागतो तो दुसरा कागद, आणि बहुतेक ठिकाणी केवळ तोच केलेला असतो. आयएसओ ९००१:२०१५ या मानकाचे कलम ७.२ नीट वाचले तर त्यात वर्तुळांचा किंवा तक्त्याचा उल्लेखही नाही. कामासाठी कोणती सक्षमता लागते हे ठरवा, ती माणसांकडे असल्याची खात्री करा, कमी असेल तिथे ती मिळवून देण्यासाठी पावले उचलून त्यांचा परिणाम तपासा आणि सक्षमतेचा पुरावा लेखी ठेवा, एवढीच त्याची मागणी आहे. यातले ‘ठरवा’ हे काम पहिल्या कागदावर होते आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच कागदासाठी आहे.

उदाहरणासाठी मी एक छोटा विभाग घेतो: चार सीएनसी लेथ, दोन पाळ्या आणि आठ माणसे, ज्यांत दोन सेटर, चार ऑपरेटर आणि दोन शिकाऊ उमेदवार आहेत. ते एक शाफ्ट बनवतात, ज्याचा महत्त्वाचा व्यास २५ एच७ आहे, म्हणजे माप २४.९७९ ते २५.००० मिलिमीटर यांच्या दरम्यान आले पाहिजे. एकूण मोकळीक २१ मायक्रॉनची आहे.

कौशल्ये निवडणे

पहिला मोह यंत्रांची नावे वर लिहिण्याचा होतो: लेथ एक, लेथ दोन, लेथ तीन. असा तक्ता कोणाला कुठे उभे करता येईल हे सांगतो, पण काम कुठे बिघडते हे सांगत नाही, कारण चारही यंत्रांवर चुका त्याच होतात. दुसरा मोह शिस्त, वृत्ती, पुढाकार असे स्तंभ घालण्याचा होतो. ते कौशल्याच्या तक्त्यात घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे. वृत्तीच्या चौकटीत पर्यवेक्षकाची आवडनिवड शिरते आणि एकदा कामगारांच्या ते लक्षात आले की उरलेल्या चौकटींवरचाही विश्वास उडतो.

त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांचे रिजेक्शन आणि रिवर्कचे रजिस्टर घेऊन बसावे आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा: ही चूक कोणत्या क्षणी, कोणाच्या निर्णयाने टळली असती? त्यानंतर दोन दिवस यंत्राशेजारी उभे राहून ऑपरेटर प्रत्यक्षात कोणकोणते निर्णय घेतो ते टिपून घ्यावे. आमच्या उदाहरणातल्या विभागात या दोन गोष्टी केल्यावर सहा कौशल्ये हाती येतात: ड्रॉइंग आणि प्रोसेस शीट वाचणे, जॉब पकडणे आणि जॉ बसवणे, पहिला नग काढून मंजूर करून घेणे, मापन आणि ऑफसेटची दुरुस्ती, इन्सर्ट बदलणे, आणि सदोष माल वेगळा ठेवणे. संख्या सहा ते आठच्या पुढे जाऊ देऊ नये. मी एकदा २३ स्तंभांचा तक्ता पाहिला आहे, त्यातल्या व्याख्या लिहून पूर्ण झाल्याच नव्हत्या आणि होणारही नव्हत्या.

पातळ्या म्हणजे काय ते ठरवणे

चार पातळ्या पुरतात, पण त्यांचा आधार काय हे आधी पक्के करावे लागते. ‘प्राथमिक, मध्यम, चांगला, उत्कृष्ट’ ही नावे निरुपयोगी आहेत, कारण मध्यम कुठे संपतो आणि चांगला कुठे सुरू होतो हे कोणीच सांगू शकत नाही. वर्षांचा आधारही चालत नाही. पाच वर्षे एकच जॉब चालवलेल्या माणसाला नव्या जॉबची सेटिंग येतेच असे नाही. मला सर्वांत उपयोगी पडलेला आधार असा आहे: या कामातला निर्णय कोण घेतो? पहिल्या पातळीवर माणूस सांगितलेली कृती करतो आणि निर्णय दुसऱ्याचा असतो. दुसऱ्या पातळीवर तो नेहमीची परिस्थिती स्वतः हाताळतो आणि वेगळे काही दिसले की बोलावतो. तिसऱ्या पातळीवर वेगळी परिस्थितीही तो स्वतः ओळखतो आणि निर्णय घेतो. चौथ्या पातळीवर तो इतरांनी निर्णय कसा घ्यावा ती पद्धतच ठरवतो किंवा सुधारतो.

इथे एक गोष्ट रूढ पद्धतीहून वेगळी करावी असे मी सुचवतो. चौथी पातळी म्हणजे ‘शिकवू शकतो’ असे सर्वत्र लिहिले जाते, पण शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ज्याला यंत्राच्या नुसत्या आवाजावरून इन्सर्टची धार गेल्याचे कळते असा सेटर नव्या मुलाला ते समजावून सांगू शकेलच असे नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी त्याला तिसऱ्या पातळीवर अडकवणे अन्यायाचे ठरते. उलट, शिकवण्याची उत्तम हातोटी असलेला दुसऱ्या पातळीवरचा ऑपरेटर मोजमापाची प्राथमिक शिकवण छान देऊ शकतो. म्हणून शिकवण्याचा वेगळा सातवा स्तंभ करावा.

अकुशल, अर्धकुशल आणि कुशल हे किमान वेतनाच्या संदर्भातले वर्गीकरण बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे पातळ्या म्हणजे तेच, असा समज लगेच पसरतो. तो पहिल्याच दिवशी दूर करावा. वेतनाचे वर्गीकरण संपूर्ण नोकरीबद्दल असते, तर इथे एकच माणूस मापनात तिसऱ्या आणि सेटिंगमध्ये पहिल्या पातळीवर असू शकतो.

एक ओळ पूर्ण लिहिणे

आता खरे काम सुरू होते. सहाही ओळी एकदम लिहायला घेऊ नयेत. ज्या कौशल्यात सर्वांत जास्त नुकसान होते ती एक ओळ घेऊन ती पूर्ण करावी, कारण ती लिहिताना जे कळते त्याने उरलेल्या ओळी सोप्या होतात. आमच्या विभागात ती ओळ ‘मापन आणि ऑफसेटची दुरुस्ती’ ही आहे.

लिहिण्याआधी काम आतून समजून घ्यावे लागते. शाफ्टचा बाहेरचा व्यास काढताना इन्सर्टची धार हळूहळू झिजते, त्यामुळे व्यास थोडा थोडा वाढत जातो. तो मर्यादेबाहेर जाण्यापूर्वी ऑपरेटरने ऑफसेटच्या पानावर `WEAR` या स्तंभात दुरुस्ती भरायची असते. आमच्या यंत्रांवर एक्स अक्षाची दुरुस्ती व्यासाच्याच हिशेबात भरली जाते, त्यामुळे व्यास १२ मायक्रॉन कमी करायचा असेल तर `-0.012` हीच किंमत द्यायची असते, तिचा अर्धा भाग करायचा नसतो. ही किंमत टाइप केल्यावर `+INPUT` दाबले तर ती आधीच्या किमतीत मिळवली जाते. `INPUT` दाबले तर मात्र आधीची किंमत पुसली जाऊन नवी तिच्या जागी बसते.

नवीन मुलांची सर्वाधिक फसगत होते ती इथेच. समजा स्तंभात आधीच `-0.030` आहे आणि जॉब २५.००२ आला. सेटरने सांगितले की बारा मायक्रॉन कमी कर. मुलाने `-0.012` टाइप करून `INPUT` दाबले. आता स्तंभातली किंमत `-0.042` व्हायला हवी होती ती `-0.012` झाली, म्हणजे हत्यार १८ मायक्रॉन मोठ्या व्यासाकडे सरकले आणि पुढचा जॉब २५.०२० आला. मग यंत्राजवळून हाक येते, “दादा, ऑफसेट दिला की, तरी जॉब मोठाच येतोय.” बाहेरचा व्यास मोठा आला तर निदान पुन्हा काप घेऊन वाचवता येतो, पण हीच चूक उलट दिशेने झाली तर जॉब भंगारात जातो.

ही सगळी माहिती हातात असली की व्याख्या लिहिणे शक्य होते. ‘मापनाचे चांगले ज्ञान आहे’ हे वाक्य याच कारणाने व्याख्या ठरत नाही, कारण वरच्या चुकीतल्या मुलालाही मापनाचे चांगले ज्ञान होते. प्रत्येक वाक्य असे असावे की तिसऱ्या माणसाला यंत्राशेजारी उभे राहून, किंवा रजिस्टर आणि जॉब पाहून, ते खरे की खोटे हे सांगता यावे. आम्ही लिहिलेल्या व्याख्या अशा होत्या.

पहिली पातळी: मोजण्याआधी मायक्रोमीटरचे शून्य तपासतो, जॉब आणि मायक्रोमीटरचे जबडे पुसतो, आणि रॅचेट वापरूनच दाब देतो. एकाच शाफ्टचे दहा नग दिले तर त्याची प्रत्येक नोंद तपासणी कक्षातल्या नोंदीपासून दोन मायक्रॉनच्या आत असते. ऑफसेटच्या पानाला हात लावत नाही.

दुसरी पातळी: ठरलेल्या क्रमाने, म्हणजे दर दहाव्या जॉबला, मोजतो आणि ‘ओके’ असे न लिहिता प्रत्यक्ष आकडा लिहितो. सेटरने सांगितलेली दुरुस्ती `+INPUT` ने भरतो, भरण्याआधीची आणि नंतरची किंमत रजिस्टरमध्ये टिपतो आणि लगेच पुढचा जॉब मोजून परिणाम तपासतो. आकडा २४.९९५ च्या वर गेला की सेटरला बोलावतो.

तिसरी पातळी: दुरुस्ती कधी आणि किती द्यायची हे स्वतः ठरवतो, आणि त्याच्या नोंदींत दुरुस्ती मर्यादा ओलांडण्याआधी दिलेली दिसते. हळूहळू सरकणारे माप आणि एकदम उडालेले माप यांतला फरक ओळखतो: पहिल्यासाठी ऑफसेट देतो, दुसऱ्यासाठी आधी यंत्र थांबवून चिप, जॉबची पकड आणि इन्सर्टची धार पाहतो. जॉब मर्यादेबाहेर आढळला तर मागच्या चांगल्या नोंदीनंतरचे सर्व जॉब वेगळे काढतो.

चौथी पातळी: वारंवार दुरुस्ती लागत असेल तर तिचे मूळ कारण शोधून दूर करतो, किती जॉबनंतर मोजायचे आणि इन्सर्ट कधी बदलायचा हे आकड्यांच्या आधारे ठरवतो, आणि त्याने ठरवलेली पद्धत दुसऱ्या पाळीतले लोक त्याच्या अनुपस्थितीत पाळू शकतात.

यांतली दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीमधली सीमा सर्वांत महत्त्वाची असते, म्हणून लिहिताना सुरुवात तिथूनच करावी. कोणाला रात्रपाळीत एकट्यावर सोडता येईल, हा प्रश्न त्या सीमेवरच सुटतो. आमच्या ओळीत ती सीमा ‘कधी दुरुस्ती देऊ नये हे कळणे’ या गोष्टीवर येऊन थांबली, आणि ती शोधायला आम्हाला एक संपूर्ण बैठक लागली. सुरुवातीला आम्ही ‘स्वतः ऑफसेट देतो’ एवढेच लिहिले होते. त्यावर आमच्या ज्येष्ठ सेटरांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, “साहेब, ऑफसेट द्यायला सगळेच देतात. हात आवरतो तो खरा.” त्यांनी दोन ओळींचे आकडे लिहून दाखवले. पहिल्या ओळीत २४.९८६, २४.९८८, २४.९९१, २४.९९३, २४.९९५ असे आकडे होते. इथे धार झिजते आहे आणि दुरुस्ती हवी आहे. दुसऱ्या ओळीत २४.९८७, २४.९८६, २४.९८८, २४.९९८, २४.९८७ असे होते. इथे चौथ्या जॉबला चिप अडकली असावी, किंवा जॉब गरम असतानाच मोजला गेला असावा, आणि अशा वेळी घाईने ऑफसेट दिला असता तर पुढचे सगळे जॉब लहान झाले असते. गरम जॉबची गोष्ट किरकोळ नाही. पोलादाचा २५ मिलिमीटरचा व्यास १० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मायक्रॉनने वाढतो, म्हणजे नुकताच निघालेला, २० अंशांनी अधिक गरम जॉब सुमारे ६ मायक्रॉन मोठा दिसतो. २१ मायक्रॉनच्या मोकळिकीत हा वाटा मोठा आहे.

हे दोन ओळींचे आकडे पुढे आमची चाचणीच बनले. असे पाच संच कागदावर द्यायचे आणि प्रत्येकापुढे ‘काय कराल आणि का’ एवढेच विचारायचे. जो पाचही वेळा ऑफसेट देतो तो दुसऱ्या पातळीवर आहे, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो. व्याख्या लिहिताना ज्येष्ठ कामगारांना बरोबर बसवण्याचे कारणही हेच आहे. चांगल्या कामाची ही सीमा त्यांच्या हातात असते, कार्यालयात बसून ती सापडत नाही.

लिहून झालेली ओळ तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. प्रत्येक वाक्यातली विशेषणे आणि ‘योग्य’, ‘नीट’, ‘व्यवस्थित’, ‘कार्यक्षमतेने’ हे शब्द अधोरेखित करावेत आणि ते काढून टाकल्यावर वाक्यात काय उरते ते पाहावे. ‘इन्सर्ट व्यवस्थित बदलतो’ यातून शब्द काढला तर ‘इन्सर्ट बदलतो’ उरते, म्हणजे व्याख्या अजून लिहिलीच गेलेली नाही. ‘इन्सर्ट बसवण्याआधी त्याची बैठक हवेने साफ करतो, स्क्रू टॉर्क कीने आवळतो आणि बदलानंतरचा पहिला जॉब मोजल्याशिवाय यंत्र पुढे चालवत नाही’ या वाक्यात काढण्याजोगे काहीच नाही.

उरलेल्या पाच ओळींत प्रत्येक चौकट इतकी भरगच्च असण्याची गरज नाही. सदोष माल वेगळा ठेवण्याच्या कौशल्याला तर चार पातळ्याही लागत नाहीत. तिथे येते किंवा येत नाही एवढेच असते, आणि ते पहिल्या आठवड्यातच यायला हवे. उगाच चार चौकटी भरण्यासाठी शब्द जुळवू नयेत, रिकामी चौकट रिकामीच ठेवावी.

दोघांनी स्वतंत्रपणे तपासणे

व्याख्या तयार झाल्या की त्या लगेच जाहीर करू नयेत. दोन मूल्यमापक निवडावेत, शक्यतो एक पर्यवेक्षक आणि एक दुसऱ्या पाळीचा सेटर, आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता आठही माणसांच्या पातळ्या लिहाव्यात. शिकवण्याचा स्तंभ सोडला तर सहा कौशल्ये आणि आठ माणसे म्हणजे ४८ चौकटी होतात. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून जिथे उत्तरे वेगळी आली त्या चौकटींवर खूण करावी.

या खुणा कशा पसरल्या आहेत हे फार बोलके असते. समजा ११ चौकटींत मतभेद आहे आणि त्यांतल्या ७ ‘पहिला नग मंजूर करून घेणे’ या एकाच कौशल्यात आहेत. याचा अर्थ माणसांबद्दल मतभेद नाही, ओळीची व्याख्या सैल आहे. आमच्या बाबतीत तसेच निघाले होते: एका मूल्यमापकाने ‘पहिला नग काढतो’ म्हणजे यंत्रावरून काढणे असे धरले होते आणि दुसऱ्याने ड्रॉइंगवरची सर्व मापे मोजून नोंदवणे असे. त्या ओळीतली वाक्ये बदलून पुन्हा तपासले तेव्हा मतभेद एका चौकटीवर आला. उलट, एकाच माणसाच्या नावापुढे सगळ्या कौशल्यांत मतभेद दिसला, तर त्या माणसाचे काम दोघांपैकी एकाने पुरेसे पाहिलेले नसते. मग एक-दोन पाळ्या त्याच्या शेजारी उभे राहून काम पाहण्याला पर्याय नसतो. मतभेद मिटवण्यासाठी मधली पातळी घेणे, म्हणजे दोन आणि तीनमध्ये अडीच लिहिणे, हे मात्र कधीही करू नये, कारण त्याने प्रश्न झाकला जातो.

माणसासमोर बसून पातळी लिहिणे

पातळी ज्याची आहे त्याच्यासमोर बसून, त्याच्या भाषेत व्याख्या वाचून दाखवत लिहावी. आधी त्याने स्वतःची पातळी सांगावी, मग मूल्यमापकाने सांगावी, आणि जिथे फरक पडेल तिथे पुरावा शोधावा: मागच्या महिन्याचे रजिस्टर, दहा नगांची मोजणी, आकड्यांचे पाच संच. प्रत्येक चौकटीमागे तारीख आणि पुरावा यांची एक ओळ ठेवावी, उदाहरणार्थ ‘दहा नगांची मोजणी, सर्व दोन मायक्रॉनच्या आत’. ऑडिटरला हवा असलेला लेखी पुरावा तोच असतो आणि तो आपोआप तयार होतो.

इथे ज्येष्ठांचा प्रश्न हमखास उभा राहतो. वीस वर्षे नोकरी झालेल्या मामांना एखाद्या कौशल्यात दुसरी पातळी मिळाली, तर सर्वांसमोर फलकावर अर्धे वर्तुळ लावणे त्यांचा अपमान करणारे ठरते. पातळी खोटी वाढवू नये, पण फलकावर लावण्याआधी तीन महिन्यांचा अवधी द्यावा आणि त्या काळात त्यांना हव्या त्या कौशल्याची शिकवण मिळेल अशी व्यवस्था करावी. आमच्याकडे अशा एका ज्येष्ठांना फक्त ऑफसेटच्या पानाची भीती होती. जुन्या साध्या लेथवर त्यांनी आयुष्य काढले होते आणि माप सरकल्याचे त्यांना आमच्या सर्वांच्या आधी कळत असे. `INPUT` आणि `+INPUT` मधला फरक एकदा त्यांच्या हाताने दहा वेळा करून घेतल्यावर ते तीन आठवड्यांत तिसऱ्या पातळीवर आले.

पगारवाढ थेट पातळीला जोडण्याची घाई करू नये. जोडली की मूल्यमापक हात सैल सोडतात, प्रत्येक चौकटीवर वाद होतो आणि वर्षभरात सगळी वर्तुळे पाऊण भरतात. निदान पहिले एक वर्ष तक्ता फक्त शिकवण आणि पाळीची आखणी यांसाठी वापरावा आणि तसे सर्वांना आधीच स्पष्ट सांगावे.

गरज आणि उणीव शोधणे

आता दुसरा कागद कामाला येतो. प्रत्येक स्तंभाच्या तळाशी आणखी एक ओळ घालावी: या कौशल्यात तिसऱ्या पातळीची किती माणसे हवीत? दोन पाळ्यांत प्रत्येकी एक माणूस हवा असेल, तर उत्तर दोन नसून तीन आहे, कारण गणपतीत किंवा लग्नसराईत एक जण रजेवर जाणारच. आमच्या उदाहरणात जॉ बसवण्याच्या कौशल्यात तीनची गरज आहे आणि प्रत्यक्षात एकच माणूस तिसऱ्या पातळीवर आहे. म्हणजे हे सेटर गावी गेले की नव्या जॉबची सेटिंग थांबते, आणि हे सर्वांना आधीपासून ठाऊक असले तरी ते प्रथमच आकड्यात दिसते.

प्रत्येक उणिवेसाठी एक माणूस, एक शिकवणारा आणि एक तारीख लिहावी. सर्वांना सर्व शिकवण्याचा बेत करू नये. शिकवण्याची पद्धत म्हणून १९४० ते १९४५ या काळात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी चाललेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमातली चार पायऱ्यांची रीत मला आजही सर्वांत सोपी वाटते: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून आणि सांगून दाखवणे, त्याच्याकडून करून घेत त्याला तोंडाने कारणे सांगायला लावणे, आणि मग त्याला सोडून देऊन अधूनमधून पाहत राहणे. आपल्याकडे बहुधा दुसऱ्या पायरीवरच शिकवणे संपते. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने ‘मी `+INPUT` दाबतो, कारण आधीची किंमत राहायला हवी’ असे स्वतः म्हटले, की पहिल्या कागदावरची व्याख्या त्याच्या हातात उतरल्याचे कळते.

तक्ता जिवंत ठेवणे

पातळी खालीही येते, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. सहा महिने सेटिंग न केलेल्या माणसाची तिसरी पातळी गृहीत धरू नये. पुढची सेटिंग त्याने दुसऱ्याच्या उपस्थितीत करावी आणि पहिला नग मंजूर झाला की तारीख नवी करावी. हा नियम सर्वांना सारखा लागू असला आणि आधीपासून ठाऊक असला, तर त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

व्याख्यांचा कागद दर सहा महिन्यांनी रिजेक्शनच्या रजिस्टरशेजारी ठेवून वाचावा. तिसऱ्या पातळीच्या माणसाकडून नुकसान झाले असेल, तर आधी त्याची पातळी नव्हे, व्याख्या तपासावी: त्याने त्यातले प्रत्येक वाक्य पाळूनही चूक झाली का? झाली असेल तर वाक्य अपुरे आहे. आमच्या ओळीत पुढे असेच एक वाक्य वाढले. सकाळच्या पाळीत पहिल्या अर्ध्या तासात, यंत्र अजून गरम झालेले नसताना दिलेली दुरुस्ती नंतर उलट पडते, हे दोन वेळा दिसले. म्हणून तिसऱ्या पातळीत लिहिले गेले: ‘यंत्र सुरू केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात दर दहाव्याऐवजी दर तिसऱ्या जॉबला मोजतो, आणि या काळात दिलेली दुरुस्ती यंत्र तापल्यावर पुन्हा तपासतो.’ त्या दिवशी तिसऱ्या पातळीवर असलेल्या तिघांनाही हे वाक्य वाचून दाखवले, सकाळी यंत्रावर ते एकदा करून घेतले आणि त्यांच्या चौकटींमागची तारीख बदलली.